मजकुरातून चित्रफीतनिर्मिती आणि चित्रफितीचे संकलन

मजकुरातून चित्रफीतनिर्मिती म्हणजे शब्दांत केलेल्या वर्णनावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संपूर्णपणे नवी चित्रफीत तयार करणे. संकलन म्हणजे कॅमेऱ्याने आधी टिपलेल्या चित्रणातून निवड करणे, काटछाट करणे, क्रम लावणे आणि रंग व ध्वनी सुधारणे. दोन्ही प्रक्रिया संगणकावर होतात आणि दोन्हींच्या शेवटी पडद्यावर चालणारी फीतच हाती येते. त्यामुळे सामान्य व्यवहारात दोहोंना ‘व्हिडिओ बनवणे’ हा एकच शब्दप्रयोग वापरला जातो. त्यांच्यातील भेद मात्र मूलभूत आहे. संकलित फितीतील प्रत्येक चौकटीमागे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडलेला एक क्षण असतो, तर निर्मित फितीतील कोणत्याही चौकटीमागे असा क्षण नसतो.

हा भेद स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील हमरापूर येथील गणेशमूर्तींच्या कारखान्याचे उदाहरण घेतले आहे. एकच आठ सेकंदांचे दृश्य दोन्ही मार्गांनी तयार करावयाचे असल्यास काय घडते, याचे विवेचन पुढे केले आहे.

## उदाहरणाची पार्श्वभूमी

हमरापूर हे पेण तालुक्यातील गाव पनवेल–रोहा लोहमार्गावर वसलेले आहे. पेण शहराप्रमाणेच हमरापूर व शेजारचे जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या व्यवसायासाठी ओळखली जातात. येथील कारखान्यांतून रंगवलेल्या मूर्तींबरोबरच रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तीही बाहेरगावच्या मूर्तिकारांकडे रवाना होतात.

मूर्तीचे काम ठरावीक टप्प्यांनी होते. प्रथम मातीची मूळ मूर्ती घडवून तिच्यावरून रबराचा साचा काढतात. साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचे मिश्रण ओततात व बळकटीसाठी त्यात काथ्या घालतात. साचा सोडवल्यावर सांधे बुजवून मूर्ती घासून गुळगुळीत करतात आणि वाळवतात. शाडूच्या मूर्तीसाठी साच्यात माती दाबून भरतात. त्यानंतर अंगरंग, वस्त्रे व दागिने रंगवले जातात. सर्वांत नाजूक काम शेवटी येते, ते म्हणजे डोळ्यांची आखणी. बारीक कुंचल्याने काढलेल्या या रेषांवर मूर्तीचा भाव अवलंबून असतो, म्हणून हे काम सरावलेल्या हाताकडेच सोपवले जाते.

या आखणीचे आठ सेकंदांचे दृश्य शालेय प्रकल्पासाठी, माहितीपटासाठी किंवा मूर्तींच्या विक्रीसाठी हवे आहे, असे समजू.

## संकलनाची पद्धत

संकलनाचा आरंभ कारखान्यातच होतो. आखणीचे काम चालू असताना तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून चाळीस मिनिटे चित्रण केले, असे मानू. भारतात दूरचित्रवाणीसाठी रूढ असलेल्या सेकंदाला २५ चौकटी या गतीने चाळीस मिनिटांत ६०,००० चौकटी टिपल्या जातात. आठ सेकंदांच्या तुकड्यासाठी त्यांतील केवळ २०० चौकटी लागतात. संकलकाचे पहिले काम या २०० चौकटी शोधण्याचे असते. कारागिराचा हात भिंगाच्या आड आला आहे का, कुंचला रंगात बुडवण्यात वेळ गेला आहे का, रेष पूर्ण होताना नीट दिसते का, हे पाहत तो चित्रण पुन्हा पुन्हा तपासतो.

निवडलेला भाग वेगळा काढणे ही तांत्रिकदृष्ट्या साधी क्रिया आहे. ‘एफएफएमपेग’ या मुक्त आज्ञावलीत ती एका ओळीत करता येते:

```
ffmpeg -ss 00:14:10 -i hamrapur_akhani.mp4 -t 8 -c copy tukda.mp4
```

या आज्ञेचा अर्थ असा की, मूळ फाइलीतील चौदा मिनिटे दहा सेकंद या जागेपासून पुढील आठ सेकंद उचलून नव्या फाइलीत ठेवावेत. `-c copy` या सूचनेमुळे चौकटींवर कोणतीही प्रक्रिया न होता त्या जशाच्या तशा उतरतात. मात्र संक्षेपित चित्रफितीत पूर्ण स्वरूपातील चौकटी ठरावीक अंतराने येतात व मधल्या चौकटींत केवळ झालेला बदल साठवलेला असतो. त्यामुळे अशा रीतीने कापलेला तुकडा सांगितलेल्या क्षणाच्या किंचित आधीपासून सुरू होऊ शकतो. अचूक जागी कापायचे असल्यास तो भाग नव्याने संकेतबद्ध करावा लागतो.

या आज्ञेत `-i` नंतर येणारे फाइलीचे नाव विशेष महत्त्वाचे आहे. ती मूळ फाइल उपलब्ध नसल्यास आज्ञा चालतच नाही. संकलनाच्या मोठ्या आज्ञावलींनाही हेच लागू पडते. त्यांत संकलक कालरेषेवर जे तुकडे मांडतो, ते वस्तुतः मूळ चित्रणाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी असतात. अमुक फाइल, अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत, एवढेच त्या नोंदीत असते. मूळ फाइल तशीच राहते आणि कालरेषेवरील कोणत्याही जागेवरून तिच्याकडे परत जाता येते.

संकलनात काळ आखडताही येतो. चाळीस मिनिटांच्या चित्रणातील दर साठावी चौकट ठेवली, तर १,००० चौकटी उरतात व संपूर्ण आखणी चाळीस सेकंदांत पूर्ण होताना दिसते. डोळ्यांना प्रत्यक्षात असे दृश्य कधीच दिसत नाही, तरीही त्यातील प्रत्येक चौकट खरी असते. या तंत्राचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाच्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट अशाच प्रकारे केला होता. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून अनेक दिवस थोड्या थोड्या चौकटी टिपल्यामुळे बी रुजून वेल होण्याची क्रिया पडद्यावर सलग दिसली. त्यात वेळ आखडला होता, परंतु रोप खरे होते.

## मजकुरातून निर्मितीची पद्धत

दुसऱ्या मार्गात कारखान्यात जावे लागत नाही. ‘कोकणातील मूर्तिकार गणपतीच्या मूर्तीचे डोळे बारीक कुंचल्याने रंगवत आहे, सकाळचा उजेड, जवळून दृश्य’ असे वर्णन लिहून प्रतिमानाला दिले जाते आणि काही वेळाने फीत तयार होऊन येते. मेटा या कंपनीने २०२२ साली ‘मेक-अ-व्हिडिओ’ हे अशा प्रकारचे प्रतिमान जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयने ‘सोरा’चे नमुने दाखवल्यावर हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. मे २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या ‘व्हिओ ३’मध्ये चित्राबरोबर आवाजही निर्माण होऊ लागला.

यांतील बहुतेक प्रतिमाने ‘विसरण’ नावाच्या पद्धतीवर आधारलेली आहेत. प्रशिक्षणाच्या काळात असंख्य चित्रफिती व त्यांची वर्णने प्रतिमानापुढे ठेवतात. प्रत्येक चित्रफितीत क्रमाक्रमाने यादृच्छिक ठिपक्यांची गर्दी मिसळली जाते आणि ती गर्दी दूर कशी करावी हे प्रतिमान शिकते. नवी फीत तयार करताना हीच क्रिया उलट्या टोकापासून सुरू होते. आरंभी संपूर्ण गोंधळ असतो, जुन्या दूरचित्रवाणी संचावर प्रक्षेपण नसताना दिसणाऱ्या मुंग्यांसारखा. वर्णनाचे आकड्यांत रूपांतर करून त्याच्या अनुरोधाने प्रतिमान हा गोंधळ अनेक पायऱ्यांनी कमी करीत जाते. हळूहळू त्यातून हात, कुंचला आणि मूर्ती आकार घेतात.

हे काम थेट चित्रकणांवर केल्यास फार मोठी गणनशक्ती लागेल, म्हणून ते संक्षिप्त स्वरूपात करतात. अलीबाबा या चिनी कंपनीने २०२५ मध्ये खुले केलेले ‘वान २.१’ हे प्रतिमान साधारणतः सेकंदाला १६ चौकटींच्या गतीने ८१ चौकटींची, म्हणजे सुमारे पाच सेकंदांची फीत तयार करते. प्रत्यक्ष गणना मात्र ८१ चौकटींवर होत नाही. चार चौकटींमागे एक अशा हिशेबाने (पहिली चौकट स्वतंत्र धरून) २१ थर होतात व प्रत्येक थराची लांबी-रुंदी मूळ चित्राच्या आठव्या हिश्शाएवढी असते. गणना संपल्यावर हे थर उलगडून पूर्ण आकाराचे चित्र बनवले जाते. सर्व थरांवर एकत्र काम होत असल्याने फितीची लांबी वाढली की स्मृती व वेळ यांची गरज वेगाने वाढते. एका खेपेत काही सेकंदांचीच फीत देण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

आरंभीचा गोंधळ ज्या आकड्यावरून ठरतो त्यास ‘बीजांक’ म्हणतात. वर्णन तेच ठेवून बीजांक बदलल्यास मूर्तिकाराचा चेहरा, मूर्तीची बैठक आणि खोलीतील उजेड सर्वच बदलते. यावरून एक गोष्ट उघड होते. पडद्यावर दिसणारा मूर्तिकार कोठेही वास्तव्यास नाही आणि ती मूर्ती कोणत्याही कारखान्यात घडलेली नाही. प्रतिमानाने प्रशिक्षणात पाहिलेल्या अनेक हातांचे आणि अनेक मूर्तींचे ते संभाव्य मिश्रण असते. वर्णनात ‘हमरापूर’ हे नाव घातल्याने दृश्य हमरापूरचे होत नाही. त्या नावाशी निगडित पुरेशी चित्रणे प्रशिक्षणात नसतील, तर भारतातील कोणत्याही मूर्तिशाळेसारखे काहीतरी दिसते.

## दोषांचे स्वरूप

दोन्ही मार्गांनी चुका होतात, परंतु त्या वेगवेगळ्या जागी होतात.

निर्मित फितीतील दोष चौकटीच्या आत असतो. आखणीच्या दृश्यात तो पुढीलप्रमाणे दिसू शकतो. कुंचला पोहोचण्याआधीच रेष उमटते, किंवा कुंचला फिरून गेल्यावरही डोळा तसाच राहतो. हात मूर्तीसमोरून सरकला की मागील दागिन्याची नक्षी बदललेली असते. आरंभी डावीकडे वळलेली सोंड शेवटी सरळ झालेली असते, हातातील आयुधांची अदलाबदल होते, भिंतीवरील फलकावरची देवनागरी अक्षरे अर्थहीन असतात. याचे कारण असे की, प्रतिमानाला रंग ओला असतो व कुंचल्याच्या स्पर्शाने तो उतरतो, हा कार्यकारणभाव नियम म्हणून माहीत नसतो. असे दृश्य बहुधा कसे दिसते, एवढेच त्याने आत्मसात केलेले असते.

नव्या प्रतिमानांत असे ढोबळ दोष कमी होत आहेत. अधिक गंभीर चूक ती, जी नजरेला खटकत नाही. आखणी आधी व अंगरंग नंतर असा उलटा क्रम निर्मित फितीत सहज येऊ शकतो. दृश्य सुबक असल्याने अनभिज्ञ पाहणारा तो क्रम खरा मानतो. कारागिरीची नोंद ठेवण्याच्या दृष्टीने अशी फीत निरुपयोगी ठरते, कारण कारागीर कुंचला कसा धरतो, मनगट कोठे टेकवतो, श्वास रोखून रेष कशी ओढतो, यांपैकी कशाचाही ती पुरावा नसते.

संकलित फितीतील दोष बहुधा दोन चौकटींच्या सांध्यात असतो. एका कारखान्यातील कच्ची मूर्ती दाखवून लगेच दुसऱ्या कारखान्यातील रंगवलेली मूर्ती जोडली, तर दोन्ही एकच असल्याचा समज होतो. सोव्हिएत चित्रपटकार लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून हे तत्त्व प्रसिद्ध झाले. नटाच्या एकाच चेहऱ्यापुढे वेगवेगळी दृश्ये जोडली असता प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसतात. संकलन म्हणजे सत्य असे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही. मात्र संकलनाने केलेली दिशाभूल मूळ चित्रण पाहून उघडकीस आणता येते. मूळ साठ हजार चौकटी समोर ठेवल्या, की कोणता भाग गाळला व कोणता कोठून आणला हे कळते. निर्मित फितीच्या बाबतीत असे मागे जाऊन पाहण्याजोगे काहीच नसते. फार तर वर्णन, बीजांक व प्रतिमानाचे नाव मिळू शकते.

## मधल्या छटा

प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही प्रक्रिया एकमेकींत मिसळतात. रंगछटा उजळणे, पंख्याचा आवाज कमी करणे किंवा हलणारे चित्र स्थिर करणे यांत संकलनाची आज्ञावली कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करू शकते, तरीही दृश्यातील घटना बदलत नाही. याउलट कारखान्यातील एका खऱ्या छायाचित्राला ‘हलते’ करून पाच सेकंदांची फीत बनवली, तर पहिली चौकट खरी व उर्वरित सर्व निर्मित असतात. चित्रणातील प्लास्टरची मूर्ती पुसून तेथे शाडूची मूर्ती बसवली, तर कारागीर खरा राहतो, पण त्याचे काम खोटे ठरते. म्हणून साधन कोणते वापरले यापेक्षा कॅमेऱ्यासमोर न घडलेले काही फितीत आले का, हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

याचे ठळक उदाहरण हिंदी चित्रपटसृष्टीत आढळते. आनंद एल. राय दिग्दर्शित ‘रांझणा’ (२०१३) या चित्रपटाची ‘अंबिकापती’ ही तमिळ आवृत्ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा तिचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बदलण्यात आला होता. मूळ चित्रपटात नायकाचा मृत्यू होतो. नव्या आवृत्तीत तो जिवंत राहतो. चित्रपटाचे हक्क असलेल्या इरॉस या कंपनीने हा बदल केला. दिग्दर्शक राय व नायक धनुष यांनी त्याला जाहीर हरकत घेतली. मूळ चित्रणातील तुकडे निराळ्या क्रमाने लावून शेवट बदलला असता, तर ते वादग्रस्त असले तरी संकलनच ठरले असते. येथे नटाने न केलेला अभिनय त्याच्या चेहऱ्यावर आला, हा वादाचा गाभा होता.

## ओळख व पडताळणी

केवळ पाहून निर्णय करणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. तरीही काही मार्ग उपलब्ध आहेत. पहिला व सर्वांत भरवशाचा मार्ग मूळ चित्रण मागण्याचा. आठ सेकंदांच्या तुकड्याच्या आधीची व नंतरची काही मिनिटे, त्याच प्रसंगाचे दुसऱ्या बाजूने घेतलेले चित्रण, न कापलेला ध्वनी, या गोष्टी प्रत्यक्ष चित्रण करणाऱ्याकडे सहसा असतात. सलग काही मिनिटे तीच मूर्ती, तोच हात व तेच कारखान्याचे सामान सुसंगत राहणे निर्मित फितीला कठीण जाते.

दुसरा मार्ग फाइलीतील नोंदींचा. कॅमेरा चित्रणाचा दिनांक, वेळ व यंत्राचे नाव फाइलीत नोंदवू शकतो. काही निर्मिती-सेवा आपल्या फितींत ‘सिंथआयडी’सारखी डोळ्यांना न दिसणारी खूण घालतात किंवा ‘सी२पीए’ या मानकानुसार उगमाची सही केलेली नोंद जोडतात. या मार्गाची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून फीत पुढे गेली की ती पुन्हा संक्षेपित होते व फाइलीतील पुष्कळशा नोंदी गळून पडतात. त्यामुळे खूण सापडली तर फीत निर्मित असल्याचे सांगता येते, परंतु खूण न सापडणे हा फीत खरी असल्याचा पुरावा होत नाही.

तिसरा मार्ग जाणकाराच्या नजरेचा. हमरापूरच्या दृश्याबाबत कारखान्यात काम केलेली व्यक्ती रेषेची दिशा, रंगाचा दाटपणा व कामाचा क्रम पाहून जे ओळखू शकते, ते अनभिज्ञ प्रेक्षकाच्या नजरेतून निसटते.

## कायद्यातील भेद

भारतात माहिती तंत्रज्ञान नियमांत फेब्रुवारी २०२६ मध्ये झालेल्या सुधारणेने हा भेद कायद्याच्या भाषेत मांडला. खरा भासेल अशा रीतीने संगणकाद्वारे निर्माण केलेल्या किंवा बदललेल्या दृक्‌श्राव्य मजकुराला त्यात ‘कृत्रिमरीत्या निर्मित माहिती’ म्हटले असून अशा मजकुरावर तसे स्पष्ट चिन्ह असणे आवश्यक केले आहे. रंगदुरुस्ती, नको असलेला आवाज काढणे, संक्षेपण यांसारखे सद्भावनेने केलेले नेहमीचे संपादन, मूळ आशय व अर्थ बदलत नसल्यास, या व्याख्येतून वगळले आहे.

उदाहरणातील दृश्यास हा निकष लावल्यास चाळीस मिनिटांतून काढलेला व रंग उजळलेला आठ सेकंदांचा तुकडा नेहमीच्या संपादनात मोडतो. वर्णनावरून बनवलेल्या फितीवर चिन्ह असणे आवश्यक ठरते. खऱ्या कारागिराच्या हाताखालील प्लास्टरची मूर्ती पुसून शाडूची मूर्ती बसवलेल्या फितीत बहुतेक चौकटी खऱ्या असल्या, तरी आशय बदललेला असल्याने तिला नेहमीच्या संपादनाची सवलत लागू होत नाही.